SF₄ टेट्राहेड्रल का नाही? रेणूचा आकार पुन्हा पुन्हा चुकत असेल तर

समस्या अशी दिसते. CH₄, NH₃, H₂O बरोबर येतात, कारण ते पाठच असतात. मग SF₄ येतो, विद्यार्थी चार फ्लोरिन बघतो आणि टेट्राहेड्रल लिहून मोकळा होतो. XeF₄ लाही तेच. आकार चुकला की हायब्रिडायझेशन sp³ येतं, तेही चुकतं, आणि ध्रुवीयता तर आकारावरच ठरते, म्हणजे एका चुकीत तिन्ही उत्तरं गेली. उत्तरसूची बघून "अच्छा, हा सी-सॉ होता" म्हणत पान उलटलं जातं आणि पुढच्या चाचणीत BrF₅ वर तेच घडतं.

तक्ता पुन्हा पाठ करून हे थांबत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना ही चूक मला सतत भेटते आणि तिचं मूळ जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडतं: मधल्या अणूवर किती लोन पेअर उरल्या हे मोजलेलंच नसतं. सूत्रात AB₄ दिसलं की आकार ठरवला जातो. पण सूत्र फक्त बाजूचे अणू सांगतं, मधल्या अणूकडे उरलेले इलेक्ट्रॉन सूत्रात दिसत नाहीत.

आधी निदान: तीन रेणू शेजारी लिहा

CF₄, SF₄ आणि XeF₄ एका ओळीत लिहा. तिन्हींत मधल्या अणूला चार फ्लोरिन. तरीही CF₄ टेट्राहेड्रल आहे, SF₄ सी-सॉ आहे आणि XeF₄ सपाट चौकोनी. आता प्रत्येकाचे संयुजा इलेक्ट्रॉन मोजा. चार फ्लोरिनचे ७ × ४ = २८ तिन्हींत सारखेच. त्यात कार्बनचे ४ मिळवले की ३२, सल्फरचे ६ मिळवले की ३४, झेनॉनचे ८ मिळवले की ३६.

प्रत्येक फ्लोरिनभोवती अष्टक पूर्ण असतं, म्हणजे चार फ्लोरिन मिळून ३२ इलेक्ट्रॉन वापरतात. बंधातले दोन इलेक्ट्रॉनही या आठांत आलेच, ते वेगळे मोजायचे नाहीत. CF₄ मध्ये ३२ मधून ३२ गेले, हाती शून्य. SF₄ मध्ये २ उरले, म्हणजे सल्फरवर एक लोन पेअर. XeF₄ मध्ये ४ उरले, म्हणजे झेनॉनवर दोन. तिन्ही आकारांतला सगळा फरक या उरलेल्या इलेक्ट्रॉनांत आहे.

हे तीन आकडे वहीत न बघता काढता येत असतील आणि तरी उत्तर चुकत असेल, तर तुमची अडचण पुढच्या पायऱ्यांत आहे, तिकडे जा. आकडेच येत नसतील तर इथेच थांबून मोजणी पक्की करा. पुढचं काहीही वाचून उपयोग नाही.

ठरावीक क्रम

पहिलं काम मधला अणू ठरवणं. बहुतेक वेळा सूत्रात जो एकटा असतो तोच मध्ये असतो, आणि साधारणपणे तो कमी विद्युतऋण असतो. Cl₂O मात्र याला अपवाद आहे. तिथे ऑक्सिजन जास्त विद्युतऋण असूनही मध्ये तोच बसतो. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही, त्याला एकच बंध करता येतो.

दुसरं, सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन मिळवायचे. आयन असेल तर ऋण प्रभाराइतके इलेक्ट्रॉन वाढवायचे आणि धन प्रभाराइतके कमी करायचे. ऐकायला सोपं आहे, पण घाईत "प्लस म्हणजे मिळवा" असं होतं. धन आयनाने इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, हे दर वेळी मनात म्हणा.

तिसरं, बाजूच्या प्रत्येक अणूसाठी ८ वजा करायचे. बाजूला हायड्रोजन असेल तर त्याच्यासाठी फक्त २. जे उरेल त्याला २ ने भागलं की मधल्या अणूवरच्या लोन पेअर मिळतात.

या वजाबाकीची गंमत अशी की दुहेरी बंध काढत बसावं लागत नाही. SO₂ घ्या: ६ + १२ = १८, दोन ऑक्सिजनचे १६ गेले, २ उरले, एक लोन पेअर. CO₂: ४ + १२ = १६, उरलं शून्य. एकाच्या मध्यभागी लोन पेअर आहे आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणून SO₂ वाकलेला आणि CO₂ सरळ रेषेत. बंध एकेरी काढा किंवा दुहेरी, बाजूचा ऑक्सिजन आठच इलेक्ट्रॉन धरून बसतो.

चौथं, मधल्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉनचे गट मोजायचे. गट म्हणजे बाजूचे अणू अधिक लोन पेअर. दुहेरी किंवा तिहेरी बंध असला तरी तो एकच गट. SF₄ मध्ये ४ + १ = ५. याच आकड्यावरून हायब्रिडायझेशन ठरतं: २ ला sp, ३ ला sp², ४ ला sp³, ५ ला sp³d, ६ ला sp³d².

पाचवं, हे गट एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब मांडायचे आणि त्यांतल्या कुठल्या जागा लोन पेअरला द्यायच्या ते ठरवायचं. सहावं, लोन पेअर डोळ्यांआड करून फक्त अणूंनी बनलेला आकार वाचायचा. सातवं, त्या आकारावर बंधांचे बाण काढून ते एकमेकांना खोडतात का ते बघायचं.

क्रम एवढाच. पाचवी पायरी सगळ्यात निसरडी आहे, म्हणून ती सावकाश घेऊ.

SF₄ मधली लोन पेअर कुठे बसते

पाच गट म्हणजे ट्रायगोनल बायपिरॅमिड. या मांडणीत पाचही जागा सारख्या नसतात, आणि इथेच बहुतेकांचं चित्र बिघडतं. मधल्या पातळीवर तीन जागा असतात, एकमेकींपासून १२०° वर. त्यांना इक्वेटोरियल म्हणतात. एक जागा थेट वर आणि एक थेट खाली, या दोन ॲक्सियल. वरच्या जागेपासून मधल्या तिन्ही जागा ९०° वर येतात.

लोन पेअर फक्त मधल्या अणूच्या ताब्यात असते, त्यामुळे ती बंधाच्या जोडीपेक्षा जास्त जागा खाते आणि शेजाऱ्यांना जास्त ढकलते. ९०° वरचा शेजारी तिला सगळ्यात जास्त खुपतो, १२०° वरचा फारसा नाही. आता नुसतं मोजा. लोन पेअर ॲक्सियल जागी ठेवली तर ९०° वर तीन शेजारी येतात. इक्वेटोरियल जागी ठेवली तर ९०° वर फक्त दोनच, वरचा आणि खालचा. बाकीचे दोघे १२०° वर. म्हणून ती इक्वेटोरियल जागा घेते.

उरतात चार फ्लोरिन: दोन ॲक्सियल, दोन इक्वेटोरियल. लोन पेअर झाकून कागद आडवा धरला तर बागेतल्या सी-सॉची फळी आणि तिचे दोन पाय दिसतात. दोन्ही ॲक्सियल फ्लोरिन ही फळी, दोन्ही इक्वेटोरियल फ्लोरिन हे पाय.

हे चित्र बरोबर आहे हे प्रयोगातून मोजलेल्या कोनांवरून पटतं. लोन पेअरने सगळ्यांना थोडं पलीकडे ढकललेलं असलं पाहिजे. तसंच दिसतं: दोन इक्वेटोरियल फ्लोरिनमधला कोन १२०° ऐवजी सुमारे १०२° आहे आणि दोन ॲक्सियल फ्लोरिनमधला १८०° ऐवजी सुमारे १७३°. फळी किंचित वाकलेली आहे, पायांच्या बाजूला. बंधांची लांबीसुद्धा दोन प्रकारची निघते: ॲक्सियल बंध साधारण १६५ पिकोमीटर, इक्वेटोरियल साधारण १५५. रेणू टेट्राहेड्रल असता तर चारही बंध सारखे निघाले असते.

याच नियमाने पुढचे दोन रेणू पटकन येतात. ClF₃: ७ + २१ = २८, वजा २४, उरले ४, दोन लोन पेअर, गट पाच. दोन्ही लोन पेअर इक्वेटोरियल जागा घेतात, म्हणून तीन फ्लोरिन T च्या आकारात राहतात. लोन पेअर आडव्या हातांना आत ढकलतात, त्यामुळे ९०° ऐवजी कोन सुमारे ८७.५° येतो. XeF₂: ८ + १४ = २२, वजा १६, उरले ६, तीन लोन पेअर. तिन्ही इक्वेटोरियल, फ्लोरिन वर आणि खाली, रेणू सरळ रेषेत. "तीन लोन पेअर असूनही सरळ कसा?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असं की तिघी १२०° वर बसून एकमेकींचं ढकलणं तोलून धरतात.

सहा गटांना हा त्रास नाही. अष्टफलकाच्या सहाही जागा सारख्या असतात, पहिली लोन पेअर कुठेही ठेवा. BrF₅ मध्ये एकच आहे, तर उरतो चौकोनी तळाचा पिरॅमिड. XeF₄ मध्ये दुसरी येते आणि ती पहिलीच्या बरोबर समोर बसते, म्हणजे दोघींमध्ये १८०° राहतात. मग चार फ्लोरिन एका पातळीत सपाट चौकोन करतात. नीअल बार्टलेट यांनी झेनॉनचं पहिलं संयुग १९६२ मध्ये केलं आणि त्याच वर्षी XeF₄ तयार झाला. संयुजा कवचातल्या जोड्यांच्या प्रतिकर्षणाची पद्धत गिलेस्पी आणि नायहोम यांनी त्याआधीच, १९५७ मध्ये मांडली होती. XeF₄ सपाट चौकोनी निघाला आणि पद्धतीचं अनुमान खरं ठरलं.

½(V + M − C + A) वापरता? मग ही चूक तपासा

बऱ्याच क्लासमध्ये हे सूत्र शिकवतात. V म्हणजे मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, M म्हणजे बाजूचे एकसंयुजी अणू, C धन प्रभार, A ऋण प्रभार. उत्तर म्हणजे गटांची संख्या. सूत्र चांगलं आहे, पण M मध्ये कोण मोजायचं यावर मुलं घसरतात.

M मध्ये फक्त एकच बंध करणारे अणू येतात: हायड्रोजन आणि हॅलोजन. ऑक्सिजन मोजायचा नाही. SO₂ साठी ½(६ + ०) = ३, sp², बरोबर. ऑक्सिजन मोजला तर ½(६ + २) = ४ येतं, sp³ लिहिलं जातं आणि कोन १०९° च्या आसपास आहे असं वाटतं. प्रत्यक्षात SO₂ चा कोन सुमारे ११९.५° आहे, म्हणजे sp² च्या १२०° ला चिकटलेला. SO₄²⁻ मध्ये ½(६ + ० + २) = ४, टेट्राहेड्रल. XeO₂F₂ मध्ये फक्त दोन फ्लोरिन मोजायचे: ½(८ + २) = ५.

आणखी एक खूण: उत्तर अडीच आलं तर घाबरू नका, रेणूत एक सुटा इलेक्ट्रॉन आहे. NO₂ चं तसंच होतं. अडीचचे तीन करा. तो एकटा इलेक्ट्रॉन अर्धवट लोन पेअरसारखा वागतो, कमी ढकलतो. म्हणून NO₂ चा कोन सुमारे १३४° असतो. त्यात एक इलेक्ट्रॉन मिळवून NO₂⁻ केला की पूर्ण लोन पेअर होते आणि कोन सुमारे ११५° वर येतो. एक इलेक्ट्रॉन काढून NO₂⁺ केला की ढकलणारं कुणीच उरत नाही, १८०°. पूर्ण पानभर व्याख्या वाचण्यापेक्षा हे त्रिकूट एकदा काढून बघा, लोन पेअर काय करते ते लगेच कळतं.

माझा सल्ला असा: गट या सूत्राने काढा आणि लोन पेअर वजाबाकीने काढा. गटांतून लोन पेअर वजा केल्यावर बाजूच्या अणूंइतकीच संख्या आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी चूक आहे, उत्तर लिहू नका. SF₄: गट ५, लोन पेअर १, फरक ४, बाजूला फ्लोरिनही ४. जमलं. ही तपासणी काही सेकंदांत होते आणि प्रभाराची गडबडही त्यातच सापडते.

उजळणीचा तक्ता

तक्ता पाठ करण्यासाठी नाही, आलेलं उत्तर ताडून बघण्यासाठी आहे. ध्रुवीयतेचा रकाना बाजूचे सगळे अणू एकाच मूलद्रव्याचे असतील तरच लागू.

| गट | लोन पेअर | आकार | हायब्रिडायझेशन | उदाहरण | ध्रुवीय? |
|---|---|---|---|---|---|
| २ | ० | सरळ रेषेत | sp | CO₂ | नाही |
| ३ | ० | सपाट त्रिकोणी | sp² | BF₃, SO₃ | नाही |
| ३ | १ | वाकलेला | sp² | SO₂ | होय |
| ४ | ० | टेट्राहेड्रल | sp³ | CF₄ | नाही |
| ४ | १ | त्रिकोणी पिरॅमिड | sp³ | NH₃ | होय |
| ४ | २ | वाकलेला | sp³ | H₂O | होय |
| ५ | ० | ट्रायगोनल बायपिरॅमिड | sp³d | PCl₅ | नाही |
| ५ | १ | सी-सॉ | sp³d | SF₄ | होय |
| ५ | २ | T आकार | sp³d | ClF₃ | होय |
| ५ | ३ | सरळ रेषेत | sp³d | XeF₂ | नाही |
| ६ | ० | अष्टफलक | sp³d² | SF₆ | नाही |
| ६ | १ | चौकोनी पिरॅमिड | sp³d² | BrF₅ | होय |
| ६ | २ | सपाट चौकोन | sp³d² | XeF₄ | नाही |

तक्त्यात "वाकलेला" दोनदा आणि "सरळ रेषेत" दोनदा आलं आहे, ते मुद्दाम बघा. आकारावरून उलट हायब्रिडायझेशन काढणारे इथे फसतात. CO₂ सरळ आणि XeF₂ ही सरळ, पण एकात sp आणि दुसऱ्यात sp³d. हायब्रिडायझेशन गटांवरून काढायचं, आकारावरून नाही.

प्रश्नाचे शब्दही नीट वाचा. NH₃ मध्ये चार गटांची मांडणी टेट्राहेड्रल आहे, रेणूचा आकार पिरॅमिडल आहे. प्रश्नात इलेक्ट्रॉन जोड्यांची मांडणी विचारली असेल तर पहिलं उत्तर, रेणूचा आकार विचारला असेल तर दुसरं. पर्यायांमध्ये दोन्ही दिलेले असतात आणि मोजणी बरोबर असूनही गुण जातो.

आकार बरोबर, ध्रुवीयता चुकते

ही वेगळी तक्रार आहे आणि तिच्यामागे दोन चुकीचे आडाखे असतात. पहिला: "बंध ध्रुवीय, म्हणून रेणू ध्रुवीय." SF₆ मध्ये सहा बंध चांगलेच ध्रुवीय आहेत, पण प्रत्येकाच्या समोर तसाच एक बंध आहे, सगळे बाण एकमेकांना खोडतात, डायपोल मोमेंट शून्य. दुसरा: "लोन पेअर आहे, म्हणून रेणू ध्रुवीय." तक्त्यातले XeF₂ आणि XeF₄ हा आडाखा मोडीत काढतात. त्यांच्यात लोन पेअर आहेत, पण समतोल मांडलेल्या आहेत.

SF₄ वर बाण काढून बघा. दोन ॲक्सियल बंध जवळजवळ समोरासमोर आहेत, त्यांचं बरंचसं खोडलं जातं. दोन इक्वेटोरियल बंध मात्र एकाच बाजूला आहेत, त्यांच्यासमोर कुठलाही बंध नाही. म्हणून SF₄ ला ०.६३ डिबायचा डायपोल मोमेंट आहे. टेट्राहेड्रल समजणाऱ्याचं उत्तर शून्य आलं असतं.

लोन पेअरचा स्वतःचाही बाण असतो हे NH₃ आणि NF₃ च्या जोडीत स्पष्ट दिसतं. दोन्ही पिरॅमिडल. फ्लोरिन इतका विद्युतऋण, तर NF₃ जास्त ध्रुवीय असेल असं वाटतं. मोजलं तर NH₃ चा १.४७ डिबाय आणि NF₃ चा जेमतेम ०.२३. NH₃ मध्ये बंधांचे इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढले जातात, लोन पेअरही त्याच बाजूला डोकं काढून आहे, दोघांची बेरीज होते. NF₃ मध्ये बंधांचे इलेक्ट्रॉन खाली फ्लोरिनकडे जातात आणि लोन पेअर वर ओढते, दोघं एकमेकांना मारतात. प्रश्नात तुलना विचारली असेल तर कारणाची ही ओळ लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नाहीत.

बाजूचे अणू वेगवेगळे असले तर तक्त्याचा शेवटचा रकाना बाजूला ठेवा आणि जागा बघा. पाच गटांत जास्त विद्युतऋण अणू ॲक्सियल जागा घेतात. PCl₃F₂ मध्ये दोन फ्लोरिन वर-खाली आणि तीन क्लोरिन मधल्या पातळीत, सगळं खोडलं जातं, रेणू अध्रुवीय. PCl₂F₃ मध्ये वर-खाली फ्लोरिन, पण मधल्या पातळीत दोन क्लोरिन आणि एक फ्लोरिन, समतोल मोडला, रेणू ध्रुवीय. गट सारखे, आकाराचं नाव सारखं, आणि ध्रुवीयता उलट.

ओझोनबद्दल एक विचारलं जातं. तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, तरी O₃ ध्रुवीय आहे. १८ इलेक्ट्रॉन, वजा १६, मधल्या अणूवर एक लोन पेअर, वाकलेला, कोन सुमारे ११७°. मधल्या ऑक्सिजनवर थोडा धन प्रभार आणि टोकांच्या ऑक्सिजनवर थोडा ऋण, त्यामुळे ०.५३ डिबाय. "सगळे अणू सारखे म्हणजे अध्रुवीय" हा आडाखा दोन अणूंच्या रेणूपुरताच ठेवा.

क्रम पाळूनही उत्तर जुळत नाही तेव्हा

काही वेळा पद्धतच अपुरी पडते, चूक तुमची नसते. PH₃ आणि H₂S घ्या. मोजणीने चार गट, sp³, म्हणजे कोन १०९.५° पेक्षा थोडा कमी असायला हवा. प्रत्यक्षात PH₃ चा सुमारे ९३.५° आणि H₂S चा ९२°. हे कोन जवळपास शुद्ध p ऑर्बिटलमधल्या ९०° सारखे आहेत, त्यामुळे या रेणूंत हायब्रिडायझेशन जवळजवळ होतच नाही असं मानतात. आकाराचं नाव, पिरॅमिडल किंवा वाकलेला, तरीही बरोबर येतं.

संक्रमण धातूंच्या आयनांना ही मोजणी लावू नका. [NiCl₄]²⁻ टेट्राहेड्रल आहे आणि [Ni(CN)₄]²⁻ सपाट चौकोनी, दोन्हींत मध्ये तोच Ni²⁺ आणि बाजूला चार गट. तिथे d इलेक्ट्रॉन आणि लिगँडची ताकद ठरवते, तो वेगळा धडा.

सेंद्रिय रेणूंत अमाइडचा नायट्रोजन फसवतो. तीन बंध आणि एक लोन पेअर, म्हणजे sp³ पिरॅमिडल असं मोजणी सांगते. पण ती लोन पेअर शेजारच्या C=O कडे पसरलेली असते, म्हणून नायट्रोजन जवळजवळ सपाट राहतो आणि sp² धरला जातो. लोन पेअरला शेजारी दुहेरी बंध असेल तर मोजण्याआधी अनुस्पंदन बघा.

sp³d या नावाबद्दलही सांगायला हवं. परीक्षेत SF₄ चं उत्तर sp³d हेच लिहायचं. मात्र नंतरच्या गणनांमध्ये सल्फरच्या d ऑर्बिटलचा सहभाग फारच थोडा दिसतो. ॲक्सियल बंध लांब आणि दुबळे का, हे तीन अणूंत पसरलेल्या चार इलेक्ट्रॉनांच्या बंधाने जास्त नीट समजतं. बी.एस्सी.ला गेल्यावर कुणी "d ऑर्बिटल वापरत नाहीत" म्हटलं तर गोंधळू नका: sp³d ही गट मोजण्याची खूणगाठ म्हणून चालते, आकार त्याने बदलत नाही.

आकाराचा परिणाम रसायनांच्या वागण्यातही दिसतो. SF₆ मध्ये सल्फर सहा फ्लोरिनांनी चहूबाजूंनी झाकलेला आहे, त्यामुळे पाणी त्याला काही करू शकत नाही. तो वीज उपकेंद्रांतल्या स्विचगिअरमध्ये इन्सुलेशनसाठी भरतात. SF₄ मध्ये लोन पेअरच्या बाजूने सल्फर उघडा आहे. दमट हवेत तो लगेच SO₂ आणि HF देतो, आणि HF अंगावर आला तर गंभीर इजा होते.

एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, प्रभारासह

ICl₂⁺ आणि ICl₂⁻, दोन्हींचे आकार आणि हायब्रिडायझेशन सांगा. प्रभाराची गडबड पकडायला ही जोडी सगळ्यात चांगली.

आयोडीन मध्ये. संयुजा इलेक्ट्रॉन ७ + १४ = २१. ICl₂⁺ साठी एक कमी, २०. दोन क्लोरिनचे १६ वजा, उरले ४, दोन लोन पेअर. गट २ + २ = ४, sp³, आकार वाकलेला. सूत्राने ताडा: ½(७ + २ − १) = ४. जुळलं.

ICl₂⁻ साठी एक जास्त, २२. वजा १६, उरले ६, तीन लोन पेअर. गट ५, sp³d. तिन्ही लोन पेअर इक्वेटोरियल, क्लोरिन वर-खाली, आयन सरळ रेषेत. सूत्राने: ½(७ + २ + १) = ५. XeF₂ चेही २२ च होते, आणि आकारही तोच. एकूण संयुजा इलेक्ट्रॉन आणि बाजूच्या अणूंची संख्या दोन्ही सारखी असेल तर आकार सहसा सारखा येतो. याच जोरावर XeO₂F₂ चे ३४ आणि SF₄ चे ३४ बघून थेट सी-सॉ लिहिता येतं. फक्त जागा ठरवायच्या: लोन पेअर आणि दुहेरी बंधाचे दोन्ही ऑक्सिजन इक्वेटोरियल, फ्लोरिन ॲक्सियल.

ICl₂⁺ चं उत्तर सरळ रेषेत आलं असेल तर प्रभार उलटा लावला आहे.

सरावासाठी चार: SOCl₂, ICl₄⁻, BrF₅, XeO₃. उत्तरं त्याच क्रमाने: त्रिकोणी पिरॅमिड sp³, सपाट चौकोन sp³d², चौकोनी पिरॅमिड sp³d², त्रिकोणी पिरॅमिड sp³. SOCl₂ चं उत्तर सपाट त्रिकोणी आलं तर २६ मधून २४ वजा करून उरलेले दोन इलेक्ट्रॉन सल्फरवर ठेवायचे राहिले आहेत.